आडव्या टाकीचा डिप: काठीवरच्या सेंटिमीटरपासून लिटरपर्यंत

डिझेलची एक आडवी दंडगोलाकार टाकी आहे. आतला व्यास १८० सेंटिमीटर, लांबी ४०० सेंटिमीटर, दोन्ही टोकं सपाट. काठी आत सोडली, वर काढली, ओली रेघ ५४ सेंटिमीटरवर दिसली. आत डिझेल किती?

नवीन माणूस इथे मनातल्या मनात भागाकार करतो. ५४ म्हणजे १८०चे ३० टक्के. पूर्ण टाकी १०,१७९ लिटरची, तिचे ३० टक्के म्हणजे ३,०५४ लिटर. तो तेवढाच आकडा वहीत लिहितो. टाकीत मात्र असतात २,५६८ लिटर. उरलेले ४८५ लिटर कोणी चोरले नाहीत, गळालेही नाहीत. ते कधी नव्हतेच. हा फरक कुठून येतो हे एकदा नीट कळलं की पुढचा सगळा हिशोब सोपा होतो, म्हणून सूत्राआधी तेवढंच पाहू.

एक सेंटिमीटर म्हणजे किती लिटर?

उभ्या टाकीत प्रत्येक सेंटिमीटरला सारखंच तेल बसतं, कारण तिचा आडवा छेद वरपासून खालपर्यंत एकच असतो. टाकी आडवी पडली की तसं राहत नाही. तळाशी तेलाचा पृष्ठभाग चिंचोळा पट्टा असतो, मध्यावर तो पूर्ण व्यासाएवढा रुंद होतो आणि वर जाताना पुन्हा आक्रसतो. कोणत्याही खोलीवर आणखी एक सेंटिमीटर तेल चढवायचं असेल, तर त्या वेळच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाएवढं तेल लागतं. म्हणजे पृष्ठभागाची रुंदी गुणिले टाकीची लांबी.

आपल्या टाकीत ५ सेंटिमीटर खोलीवर पृष्ठभाग जेमतेम ५९ सेंटिमीटर रुंद असतो, म्हणून तिथे एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे २४ लिटर. ५४ सेंटिमीटरवर रुंदी १६५, तिथे एक सेंटिमीटर ६६ लिटरचा. बरोबर मध्यावर रुंदी १८० आणि सेंटिमीटरचे ७२ लिटर. काठीवरच्या खुणा सारख्या अंतरावर असतात, त्यांची किंमत सारखी नसते. ही ‘सेंटिमीटरची किंमत’ लक्षात ठेवा. डिपमधली जवळपास प्रत्येक चूक लिटरमध्ये किती पडेल, हे तिच्यावरूनच काढता येतं.

आधी टाकीची मापं

हिशोबाला दोनच मापं लागतात, आतला व्यास आणि आतली लांबी. दोन्ही आतली हवीत. जमिनीवरच्या टाकीचा व्यास बाहेरून काढायचा तर पोटाला टेप गुंडाळून परीघ घेणं सगळ्यात खात्रीचं. काठी आडवी धरून डोळ्याने व्यास मोजण्यापेक्षा ते कितीतरी चांगलं. आपल्या टाकीचा परीघ ५६९.३ सेंटिमीटर आला. त्याला ३.१४१६ने भागलं की बाहेरचा व्यास १८१.२ मिळतो. पत्रा ६ मिलिमीटर जाड आहे आणि तो दोन्ही बाजूंना येतो, म्हणून १.२ वजा. आतला व्यास १८०. ही वजाबाकी विसरली तर पूर्ण टाकीची क्षमता १३६ लिटरने जास्त दिसते. टेप गुंडाळताना तो तिरका जाऊ देऊ नका, वेल्डच्या फुगवट्यावरूनही नेऊ नका, आणि टाकीच्या दोन-तीन ठिकाणी परीघ घेऊन पाहा.

टोकं सपाट असतील तर लांबी म्हणजे आतल्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंतचं अंतर. टोकं फुगीर असतील तर नळकांड्याची लांबी फक्त वेल्डपासून वेल्डपर्यंत मोजा, फुगवट्याचा हिशोब वेगळा होतो. त्याकडे नंतर येऊ.

डिप घेणं

टाकीत नुकतं तेल ओतलं असेल तर घाई करू नका. पृष्ठभाग हिंदकळत असतो, फेस असतो, आणि तेलाबरोबर आलेलं पाणी अजून तळाशी बसलेलं नसतं. मी अर्धा तास तरी थांबतो. डिप घेताना टाकीत तेल येत नसावं आणि जातही नसावं. काठी लाकडी किंवा पितळेची चांगली, ठिणगी पाडेल असा लोखंडी गज नको. झाकण उघडल्यावर भोकावर वाकून आत पाहायचं नाही, कारण तिथून वाफ वर येत असते.

काठी कोरडी पुसा आणि डिप पाइपमधून सावकाश खाली सोडा. शेवटच्या काही सेंटिमीटरांत हात आणखी हलका करा. काठी धपकन सोडली तर तेल उसळून रेघेच्या वर काठी ओली करतं आणि आकडा फुगतो. तळ लागल्याचं हाताला जाणवलं की क्षणभर थांबून काठी सरळ वर काढा आणि लगेच वाचा. डिझेलची रेघ बराच वेळ टिकते. पेट्रोल बघता बघता उडून जातं, म्हणून अंदाजे खोलीच्या आसपास काठीवर तेल ओळखणाऱ्या पेस्टचा पातळ थर लावतात, तेल लागलेल्या जागी तिचा रंग बदलतो. काठी पुसून पुन्हा डिप घ्या. दोन वाचनांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर तिसरं घ्या, आणि जुळणारी दोन मिळेपर्यंत थांबू नका.

काठी उभीच हवी. ती १० अंशांनी कलली तर ५४ सेंटिमीटरची खोली ५४.८ दिसते, आणि या टाकीत त्या ०.८ सेंटिमीटरची किंमत ५० लिटरच्या वर जाते. काठीचं खालचं टोकही अधूनमधून टेपने तपासा. वर्षानुवर्षं तळावर आपटून टोक झिजतं, आणि एक सेंटिमीटर झिजलेली काठी प्रत्येक वेळी एक सेंटिमीटर जास्तच दाखवते. उलट, डिप पाइपखाली तळाचा पत्रा फुटू नये म्हणून जाड पट्टी वेल्ड केलेली असेल, तर काठी त्या पट्टीवर टेकते आणि पट्टीच्या जाडीएवढी खोली कमी दिसते. अशी पट्टी आहे का, हे टाकी बनवणाऱ्याच्या नकाशात पाहून एकदाच नोंदवून ठेवा आणि दर डिपमध्ये तेवढी खोली मिळवा.

सूत्र, आणि ते असं का आहे

टाकीकडे टोकाच्या बाजूने पाहा. वर्तुळ दिसेल आणि त्याच्या तळाशी तेलाने भरलेला वर्तुळखंड. त्याचं क्षेत्रफळ मिळालं की लांबीने गुणायचं, एवढंच काम आहे.

वर्तुळखंड थेट मोजता येत नाही, पण वजाबाकीने मिळतो. वर्तुळाच्या केंद्रापासून पृष्ठभागाच्या दोन्ही टोकांपर्यंत रेषा ओढल्या की एक वर्तुळपाकळी तयार होते. त्या पाकळीत तेल आहे आणि तेलाच्या वर केंद्रापर्यंतचा एक त्रिकोणही आहे. पाकळीतून त्रिकोण वजा केला की उरतं ते तेल. त्रिकोणाची उंची म्हणजे केंद्रापासून पृष्ठभागापर्यंतचं अंतर, अर्थात त्रिज्या वजा खोली. त्याच्या अर्ध्या पायाची लांबी पायथागोरसच्या प्रमेयाने निघते. पाकळीचा अर्धा कोन त्या उंचीला त्रिज्येने भागून कोसाइनच्या व्यस्ताने मिळतो. हे सगळं एकत्र लिहिलं की सूत्र असं दिसतं. यात r ही आतली त्रिज्या, h खोली, L लांबी, सगळं सेंटिमीटरमध्ये:

```
V = L * ( r^2 * arccos((r-h)/r) - (r-h) * sqrt(2*r*h - h^2) ) / 1000
```

शेवटच्या हजाराने घन सेंटिमीटरचे लिटर होतात.

आता आपला डिप यात घालू. त्रिज्या ९०, खोली ५४. त्रिज्या वजा खोली ३६. छत्तीसला नव्वदने भागलं की ०.४ येतं. ज्याचा कोसाइन ०.४ आहे तो कोन १.१५९३ रेडियन. त्रिज्येचा वर्ग ८,१००, त्याला या कोनाने गुणलं की पाकळीचं क्षेत्रफळ ९,३९० चौरस सेंटिमीटर. आता त्रिकोण. वर्गमुळाच्या आत २ × ९० × ५४ म्हणजे ९,७२०, त्यातून ५४चा वर्ग २,९१६ वजा, उरले ६,८०४. त्याचं वर्गमूळ ८२.४९. ही पृष्ठभागाची अर्धी रुंदी. तिला ३६ने गुणलं की २,९७०. पाकळी वजा त्रिकोण ६,४२१ चौरस सेंटिमीटर. दशांश न सोडता ४००ने गुणून हजाराने भागलं की २,५६८ लिटर.

जाता जाता सेंटिमीटरची किंमतही हाती आली. अर्धी रुंदी ८२.४९, पूर्ण रुंदी १६५, गुणिले ४००, भागिले हजार, म्हणजे ६६ लिटर. मी डिपच्या वहीत लिटरशेजारी हा आकडाही लिहून ठेवतो, कारण पुढच्या प्रत्येक दुरुस्तीत तो लागतो.

दोन जागी लोक अडतात. पहिली जागा रेडियनची. कॅल्क्युलेटर अंशांवर असेल तर कोन ६६.४२ येतो, आणि तोच सूत्रात घातला तर उत्तर दोन लाख चौदा हजार लिटर! एवढा आकडा पाहून चूक लगेच कळते. कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवा किंवा अंशांना ३.१४१६ने गुणून १८०ने भागा. दुसरी जागा अर्ध्याच्या वरच्या डिपची. तेल केंद्राच्या वर गेलं की ‘त्रिज्या वजा खोली’ ऋण होते, म्हणून काही जण चिन्ह बदलतात किंवा वरची रिकामी जागा मोजून वजा करतात. त्याची गरज नाही. ऋण संख्या तशीच राहू द्या. कोन आपोआप काटकोनापेक्षा मोठा होतो, त्रिकोण वजा होण्याऐवजी मिळवला जातो, आणि १२६ सेंटिमीटरला ७,६१० लिटर हे बरोबर उत्तर मिळतं.

एकदाच करून ठेवायचा तक्ता

रोज सूत्र मांडत बसायचं कारण नाही. स्प्रेडशीटमध्ये B1 मध्ये त्रिज्या, C1 मध्ये लांबी लिहा, A3 पासून खाली ०, १, २ असं व्यासापर्यंत खोली भरा आणि B3 मध्ये हे टाकून खाली ओढा. तिथे ACOS थेट रेडियनमध्येच उत्तर देतं, त्यामुळे अंशांचा घोळ होत नाही.

```
=$C$1*($B$1^2*ACOS(($B$1-A3)/$B$1)-($B$1-A3)*SQRT(2*$B$1*A3-A3^2))/1000
```

आपल्या टाकीच्या तक्त्यातल्या काही ओळी अशा येतात:

| खोली (सेंमी) | लिटर | एका सेंटिमीटरचे लिटर |
|---|---|---|
| १८ | ५३० | ४३.२ |
| ३६ | १,४४९ | ५७.६ |
| ५४ | २,५६८ | ६६.० |
| ७२ | ३,८०२ | ७०.५ |
| ९० | ५,०८९ | ७२.० |
| १२६ | ७,६१० | ६६.० |
| १६२ | ९,६४९ | ४३.२ |

पहिली ओळ पाहा. १८ सेंटिमीटर म्हणजे व्यासाचे १० टक्के, पण तेल ५३० लिटर, जेमतेम ५ टक्के. सरळ टक्केवारीने चालणारा माणूस इथे जवळजवळ दुप्पट तेल समजून बसतो, आणि नेमकं तेव्हाच टाकी रिकामी होत आलेली असते.

तक्ता वापरण्याआधी तपासा. मध्यावरचा आकडा पूर्ण क्षमतेच्या बरोबर अर्धा हवा. तळापासूनची खोली आणि वरून तेवढीच कमी खोली यांची बेरीज पूर्ण क्षमता यायला हवी, जसं ५४ आणि १२६ यांची येते. आणि शेजारच्या दोन ओळींमधला फरक मध्यापर्यंत सतत वाढत जाऊन पुढे सतत घटायला हवा. तो मध्येच उडी मारत असेल तर एखाद्या ओळीत टंकनाची चूक आहे. छापील तक्ता मिळाला असेल तरी या कसोट्या लावून पाहा.

तळाचं पाणी: खोली नव्हे, लिटर वजा करा

काठीच्या खालच्या टोकाला पाणी ओळखणारी पेस्ट लावून डिप घेतला आणि तिचा रंग ४ सेंटिमीटरपर्यंत बदलला. म्हणजे ५४ सेंटिमीटरपैकी खालचे ४ सेंटिमीटर पाणी आहे. नवीन माणूस काय करतो? ५४ वजा ४ म्हणजे ५०, आणि तक्त्यात ५०चे लिटर पाहतो. तिथे २,३०७ लिहिलेलं असतं.

हे चूक आहे, आणि चूक मोठी आहे. वजा केलेले ४ सेंटिमीटर तळाचे आहेत, चिंचोळे आणि स्वस्त. तक्त्यात ५४वरून ५०वर येताना मात्र वरचे, प्रत्येकी ६६ लिटरच्या आसपासचे चार सेंटिमीटर वजा होतात. बरोबर पद्धत अशी: ५४चे लिटर पाहा, २,५६८. चारचे लिटर पाहा, ५७. लिटरमधून लिटर वजा करा. डिझेल २,५११ लिटर. दोन पद्धतींत २०४ लिटरचा फरक पडतो. तळाला जे काही आहे, मग ते पाणी असो, गाळ असो की पंपाच्या नळीला न पोहोचणारं तेल असो, त्याचा हिशोब नेहमी असाच, दोन्ही खोल्यांचे लिटर वेगवेगळे काढून.

टाकी सपाट आहे हे गृहीत धरू नका

पाणी आणि गाळ एका टोकाला जमावा म्हणून पुष्कळ टाक्या मुद्दाम थोड्या उतारावर बसवतात. काही टाक्यांची पाया खचल्याने ती अवस्था होते. पृष्ठभाग मात्र सपाटच राहतो, त्यामुळे खालच्या टोकाला खोली जास्त आणि वरच्या टोकाला कमी असते. सूत्राला या दोन्हींच्या मधली, म्हणजे टाकीच्या मध्यावरची खोली हवी असते. डिप पाइप मध्यावर असेल तर उतार जवळपास आपोआप कटतो. तो टोकाजवळ असेल तर दुरुस्ती करावी लागते.

जमिनीवरच्या टाकीचा उतार गवंड्याच्या पाण्याच्या नळीने टाकीच्या पोटाच्या दोन टोकांवर मोजता येतो. समजा आपल्या टाकीला १०० सेंटिमीटरमागे १ सेंटिमीटर उतार आहे आणि डिप पाइप मध्यापासून १५० सेंटिमीटर खालच्या टोकाकडे आहे. मग काठी मध्यापेक्षा १.५ सेंटिमीटर जास्त दाखवणार. मध्यावरची खोली ५२.५, तिचे लिटर २,४७०. सुमारे ९९ लिटर कमी झाले. हे सेंटिमीटरच्या किमतीवरूनही पडताळता येतं: ६६ची दीडपट.

पाण्यालाही तीच दुरुस्ती लागते. काठीवरचे ४ सेंटिमीटर मध्यावर २.५ होतात आणि पाणी ५७ऐवजी २८ लिटर निघतं. इतक्या उथळ थरात मधल्या खोलीचा हिशोब दोनेक लिटरने कमी पडतो, तेवढं सोडून द्यायला हरकत नाही. म्हणजे डिझेल सुमारे २,४४० लिटर. मघाच्या २,५११शी तुलना करा. काठी तीच, रेघ तीच.

या दुरुस्तीची मर्यादा ठरलेली आहे. तेल टाकीच्या दोन्ही टोकांना पोहोचलेलं हवं आणि खालच्या टोकाला छताला टेकलेलं नको. आपल्या टाकीत टोकं मध्यापेक्षा २ सेंटिमीटर वर-खाली आहेत, म्हणून मध्यावर २ सेंटिमीटरच्या खाली आणि १७८च्या वर ही रीत वापरू नका.

टाकी लांबीत न कलता बाजूला गडगडलेली असेल, तर डिप पाइप वरच्या मध्यरेषेवरून सरकतो आणि काठी सर्वांत खालच्या बिंदूवर न टेकता शेजारच्या चढावर टेकते. १५ सेंटिमीटर बाजूला गेली तर खोली सव्वा सेंटिमीटर कमी दिसते. सरकणं डोळ्याला कळत नाही, पण डिपचे सगळे आकडे कमी येतात.

फुगीर टोकं

टोकं फुगीर असतील तर वेल्डपासून वेल्डपर्यंतच्या लांबीला वरचं सूत्र लावा आणि दोन्ही फुगवट्यांचं तेल वेगळं मिळवा. फुगवट्याची खोली a मानली, तर दोन्ही टोकांचं मिळून:

```
V2 = (a/r) * 3.1416 * h^2 * (3*r - h) / 3 / 1000
```

हे लंबगोलाकार टोकांना तंतोतंत लागू पडतं, साध्या बशीसारख्या टोकांना जवळपास. प्रत्येक फुगवटा २० सेंटिमीटर असेल तर ५४च्या डिपला यातून १४७ लिटर मिळतात, आणि पूर्ण टाकीत ६७९. म्हणून फुगीर टोकांच्या टाकीला सपाट टोकांचा तक्ता लावू नका.

तक्ता आणि टाकी जुळत नाहीत तेव्हा

सगळं करूनही खरी परीक्षा एकच. मीटरवरून नेमकं मोजलेलं तेल टाकीत सोडा, आधी आणि नंतर डिप घ्या, आणि तक्त्याने दाखवलेली वाढ मीटरशी ताडून पाहा. फरक आला तर तो कुठल्या उंचीवर आणि कोणत्या दिशेने आला, यावरून कारण ओळखता येतं. माझ्या मते या कामातलं सर्वांत उपयोगी कौशल्य हेच.

समजा काठी सदैव एक सेंटिमीटर जास्त दाखवते, टोक झिजल्यामुळे किंवा उताराची दुरुस्ती राहिल्यामुळे. टाकीत खरं तेल १८वरून ५४वर नेलं, म्हणजे २,०३९ लिटर घातले. काठी १९ आणि ५५ दाखवेल. वरच्या बाजूला सेंटिमीटर महाग आहे आणि खालच्या बाजूला स्वस्त, म्हणून तक्ता सुमारे २२ लिटर जास्त वाढ दाखवेल. आता तेच तेल वरच्या अर्ध्यात, १२६वरून १६२वर नेताना घातलं तर उलटं होतं. तिथे वर जाताना सेंटिमीटर स्वस्त होत जातो, म्हणून तक्ता तेवढेच लिटर कमी दाखवेल. आणि ५४वरून १२६वर नेलं तर फरक दिसतच नाही, कारण दोन्हीकडे सेंटिमीटरची किंमत सारखीच. चूक आहे, पण लपली आहे. म्हणून अशी चाचणी मध्याच्या दोन्ही बाजूंना सारखी पसरलेली घेऊ नका, एकदा पूर्ण खालच्या अर्ध्यात घ्या आणि एकदा वरच्या अर्ध्यात.

खालच्या अर्ध्यात जास्त आणि वरच्या अर्ध्यात कमी, असं दिसलं तर काठीचं शून्य किंवा उतार तपासा. खालच्या अर्ध्यात कमी आणि वरच्या अर्ध्यात जास्त दिसलं तर काठी तळापर्यंत पोहोचत नाही. ती पट्टीवर, गाळावर किंवा कडेच्या चढावर टेकते आहे. दोन्ही अर्ध्यांत फरक एकाच दिशेने आणि घातलेल्या तेलाच्या प्रमाणात आला तर काठी बरोबर आहे आणि टाकीची लांबी चुकीची धरली आहे.

या निदानाआधी दोन गोष्टी बाजूला काढा. एक म्हणजे तापमान. डिझेल प्रत्येक अंश सेल्सिअसला साधारण ०.०८ टक्क्यांनी फुगतं, म्हणजे अडीच हजार लिटर १० अंशांनी थंड झालं तर २० लिटर कमी दिसतात आणि तरी काहीच हरवलेलं नसतं. उन्हातून आलेलं तेल जमिनीखालच्या थंड टाकीत ओतल्यावर हा फरक हमखास दिसतो. दुसरी म्हणजे काठी वाचण्याची मर्यादा. तीन मिलिमीटर इकडेतिकडे होणारच, आणि मध्यावर त्याची किंमत सुमारे २२ लिटर आहे. तळाजवळ, ५ सेंटिमीटरवर, तेवढ्याच चुकीचे फक्त ७ लिटर होतात. म्हणून चाचणीला २०० लिटर पुरत नाहीत, हजाराच्या वर तेल घाला. वहीत २,५६८.३ असं लिहू नका, २,५७० लिहा, आणि शेजारी डिपची वेळ, तेलाचं तापमान, पाण्याची खोली आणि काठीवर दिसलेले मूळ सेंटिमीटर लिहा. पुढे तक्त्यात चूक सापडली तर मूळ सेंटिमीटरवरून जुने लिटर पुन्हा काढता येतात. नुसते लिटर लिहून ठेवले असतील तर ती सगळी पानं वाया जातात.